दर हजारी १,०२०, पण कुणामध्ये?

२४ नोव्हेंबर २०२१ ला राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या, म्हणजे एनएफएचएसच्या, पाचव्या फेरीची देशपातळीवरची आकडेवारी जाहीर झाली. लगेच ठिकठिकाणी एकच आकडा झळकला: दर हजार पुरुषांमागे १,०२० स्त्रिया. देशात पहिल्यांदाच पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त, अशा बातम्या आल्या. त्या तक्त्याचा स्क्रीनशॉट मला एकाच दिवसात तीन वेगवेगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर आला. एका काकूंनी खाली लिहिलं होतं, "चला, मुलींचा प्रश्न सुटला म्हणायचा!"

काकूंची चूक नव्हती. त्यांच्यासमोर एक ओळ होती, "एकूण लोकसंख्येतील लिंग गुणोत्तर", आणि तिच्यापुढे एक आकडा. त्या ओळीतून जो अर्थ निघतो तोच त्यांनी काढला. आकडाही खोटा नव्हता. पण "एकूण लोकसंख्या" म्हणजे नेमकी कुणाची, हे ती ओळ सांगत नव्हती, आणि जिथे ते सांगितलेलं होतं तिथपर्यंत स्क्रीनशॉट पोचत नाही.

मी अहवालांचं संपादन करते. बहुतेक काम आरोग्य आणि शिक्षणाच्या क्षेत्रातल्या संस्थांचं असतं. माझं म्हणणं असं, की तक्ता किंवा आलेख मूळ मजकुरापासून सुटून एकटाच फिरणार आहे हे धरूनच त्याचं कॅप्शन लिहायला हवं. कॅप्शन म्हणताना मी आकृतीखालची ओळ, तक्त्यावरचं शीर्षक आणि तक्त्याखालच्या टिपा, तिन्ही धरते. सार्वजनिक पैशातून गोळा झालेल्या आकड्यांच्या बाबतीत तर हे शैलीवर सोडताच येत नाही. ज्या ओळीवरून लोक मत बनवतात, ती ओळ अर्धवट ठेवणं हा अहवाल लिहिणाऱ्याचा दोष आहे, वाचणाऱ्याचा नाही.

१,०२० चं आधी नीट पाहू. हे सर्वेक्षण जनगणनेसारखं प्रत्येक माणूस मोजत नाही. पाचव्या फेरीत देशभरातली सुमारे ६ लाख ३७ हजार घरं निवडली होती. घरात गेल्यावर विचारतात, काल रात्री इथे मुक्कामाला कोण कोण होतं? हे गुणोत्तर त्या मुक्कामी माणसांचं आहे. म्हणजे जो नवरा सुरतेला कामाला गेलाय आणि तिथे कारखान्याच्या आवारातच झोपतो, तो गावच्या घरात मोजला जात नाही. सुरतेतही तो कुठल्या निवडलेल्या "घरात" नसतो, म्हणून तिथेही सुटतो. वसतिगृहं, बराकी, तुरुंग अशा सामूहिक निवासातली माणसं घरांच्या नमुन्यात येतच नाहीत, आणि अशा ठिकाणी बायकांपेक्षा पुरुष बरेच जास्त असतात.

हा नुसता तर्क नाही, त्याची खूण त्याच तक्त्यात आहे. ग्रामीण भागाचं गुणोत्तर १,०३७ आणि शहरी भागाचं ९८५. गावातून गेलेले पुरुष शहरात मोजले गेले असते, तर शहरातलं गुणोत्तर बरंच खाली यायला हवं होतं. २०११ च्या जनगणनेत ते ९२९ होतं. इथे ते ९८५ आहे. गावात जे सापडले नाहीत, ते शहरातही सापडले नाहीत. दुसरी खूण जुन्या फेऱ्यांमध्ये आहे. २००१ च्या जनगणनेत देशाचं गुणोत्तर ९३३ आणि २०११ च्या जनगणनेत ९४३. या दोन्हींच्या मध्ये, २००५-०६ मध्ये, याच सर्वेक्षणाची तिसरी फेरी झाली, आणि तिच्यात आकडा होता १,०००. देशातल्या बायका पाच वर्षांत वाढून पुढच्या पाच वर्षांत पुन्हा कमी झाल्या नाहीत. मोजण्याची पद्धत वेगळी होती, म्हणून आकडा वेगळा आला. सगळाच फरक या एका कारणाने पडतो असं नाही. स्त्रियांचं सरासरी आयुष्य पुरुषांपेक्षा जास्त आहे, त्याचाही वाटा असतो. पण जनगणनेचा आकडा आणि हा आकडा एकाच आलेखावर बिंदू मांडून रेषेने जोडायचे नाहीत, हे नक्की.

आता मुलींच्या प्रश्नाचं उत्तर. ते त्याच तक्त्यात, लगेच खालच्या ओळीत होतं: सर्वेक्षणाआधीच्या पाच वर्षांत जन्मलेल्या मुलांमध्ये दर हजार मुलग्यांमागे ९२९ मुली. कुणीही ढवळाढवळ केली नाही तर जन्माच्या वेळी हा आकडा साधारण ९५० च्या आसपास असतो, कारण निसर्गतःच मुलगे थोडे जास्त जन्मतात. म्हणजे ९२९ हा आकडा अजून कमीच आहे. बिहारमध्ये तर फरक डोळ्यात भरतो: वरच्या ओळीत १,०९० आणि खालच्या ओळीत ९०८. काम शोधायला बाहेर पडलेले पुरुष आणि जन्मालाच न आलेल्या मुली, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी लागून असलेल्या दोन ओळींत बसल्या आहेत आणि दोघींच्या नावात "लिंग गुणोत्तर" आहे.

सर्वेक्षणाच्या अहवालात ही सगळी माहिती आहे. घरं कशी निवडली, कुणाला मोजलं, सगळं व्यवस्थित लिहिलेलं आहे. त्यामुळे "अहवाल वाचायचा कंटाळा आला तर आम्ही काय करणार?" असा प्रश्न अहवाल लिहिणारे विचारतात, आणि त्यात तथ्य आहे असं मलाही एकेकाळी वाटायचं. आता वाटत नाही. अहवाल वाचणारे आणि तक्ता पाहणारे हे दोन वेगळे लोक आहेत. पत्रकाराला संध्याकाळपर्यंत बातमी द्यायची असते. जिल्हा परिषदेतल्या अधिकाऱ्याला बैठकीच्या सादरीकरणात एक स्लाइड हवी असते. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं तर तो आकडा सरळ पाठच करतात. यातलं कुणीही कारण नसताना पद्धतीचं प्रकरण उघडणार नाही, आणि उघडावं अशी अपेक्षा ठेवून लिहिणं म्हणजे पाण्यात न उतरणाऱ्यासाठी नदीच्या तळाशी पाटी लावण्यासारखं आहे.

मग तो तक्ता कसा लिहायचा? संस्थांकडून माझ्याकडे येणाऱ्या मसुद्यांत असं शीर्षक हमखास असतं:

"तक्ता ३.१ : लिंग गुणोत्तर (एनएफएचएस-५)"

हे नाव झालं, कॅप्शन नाही. फायलीला नाव देतात तसं. मी ते असं करून घेते:

"तक्ता ३.१ : घरात आदल्या रात्री मुक्कामी असलेल्या लोकांमध्ये दर हजार पुरुषांमागे स्त्रिया, आणि सर्वेक्षणाआधीच्या पाच वर्षांत जन्मलेल्या मुलांमध्ये दर हजार मुलग्यांमागे मुली, भारत, २०१९-२१.
टीप : पहिल्या ओळीत वसतिगृहे, बराकी अशा सामूहिक निवासातले लोक धरलेले नाहीत, त्यामुळे तिची तुलना जनगणनेच्या आकड्यांशी करू नये. जन्माच्या वेळचे गुणोत्तर हस्तक्षेप नसल्यास साधारण ९५० असते.
आधार : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, पाचवी फेरी."

लांब आहे, मान्य. पण काय काय आलं बघा. कुणाला मोजलं, म्हणजे छेदात कोण आहे. कुठे आणि कधी. कशाशी तुलना करायची नाही. आणि आकडा जास्त की कमी हे ठरवायला एक ओळखीचा टप्पा. शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात. ९२९ हा आकडा एकटा ठेवला तर वाचणारा आपोआप त्याची तुलना १,००० शी करतो, आणि ती तुलना चुकीची आहे.

"कधी" हेही वाटतं तितकं सोपं नाही. देशाच्या आकड्याला २०१९-२१ म्हणतात, पण काम दोन टप्प्यांत झालं. महाराष्ट्र पहिल्या टप्प्यात होता, इथलं काम महासाथीच्या आधीच पूर्ण झालं होतं. दुसऱ्या टप्प्यातल्या राज्यांत टाळेबंदीमुळे काम मध्येच थांबलं आणि पुढे २०२१ च्या एप्रिलपर्यंत चाललं. महाराष्ट्राच्या बालकुपोषणाच्या आलेखाखाली "२०१९-२१" लिहिलं की वाचणारा म्हणतो, करोनाने मुलांचं वजन घटलं. त्या आकड्यांत करोना नाहीच. ओळीत एक वर्ष जास्त छापल्याने एक अख्खं खोटं कारण उभं राहतं.

छेदाचा घोळ लिंग गुणोत्तरापुरता नाही. त्याच सर्वेक्षणात मुलांच्या खुजेपणाचा आकडा पाच वर्षांखालच्या सगळ्या मुलांचा आहे, रक्तक्षयाचा आकडा ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांचा, आणि पूर्ण लसीकरणाचा १२ ते २३ महिन्यांच्या मुलांचा. हे तिन्ही आकडे एका स्तंभालेखात शेजारी शेजारी उभे करून खाली "महाराष्ट्रातील बालकांची स्थिती" असं लिहिलेलं मी कितीदा तरी पाहिलंय. तीन खांब, तीन वेगळी मुलं. इथे प्रत्येक खांबाखाली वय लिहिणं हा एकच इलाज आहे. टिपेत टाकलं तरी चालत नाही, कारण खांबांची उंची नजरेला आधी भिडते.

यानंतर सगळ्यात अवघड भाग येतो: आकडा किती पक्का आहे, हे कॅप्शनमध्ये सांगायचं का? मी म्हणते, नमुना छोटा असेल तर सांगायलाच हवं, आणि इथे आकडेमोड करूनच दाखवते. समजा एका जिल्ह्यात निवडलेल्या घरांमध्ये पाच वर्षांत ६०० बाळं जन्मली, आणि गुणोत्तर निघालं ९१३. म्हणजे त्या बाळांपैकी मुलींचा वाटा ९१३ भागिले १,९१३, साधारण ४७.७ टक्के. नमुना ६०० चा असला की या टक्केवारीत दोन्ही बाजूंना सुमारे ४ टक्क्यांचा ढिलेपणा असतो (९५ टक्के खात्रीच्या हिशेबाने). म्हणजे मुलींचा खरा वाटा ४३.७ ते ५१.७ टक्के यांत कुठेही असू शकतो. हेच परत गुणोत्तरात बदललं की उत्तर येतं: ७७६ ते १,०७०. घरं गटागटाने निवडलेली असतात, त्यामुळे प्रत्यक्षात हा पट्टा आणखी थोडा रुंदच होतो.

म्हणजे एका फेरीत ८७० आणि पुढच्या फेरीत ९६० आलं, तर त्या जिल्ह्यात काही बदललं की नाही, हे या दोन आकड्यांवरून सांगताच येत नाही. पण असे जिल्हावार आकडे नकाशात लाल-हिरव्या रंगांत रंगवले जातात, आणि खाली लिहिलेलं असतं "जन्माच्या वेळचे लिंग गुणोत्तर, जिल्हानिहाय". मग एका जिल्ह्याचं कौतुक होतं आणि दुसऱ्याकडे खुलासा मागितला जातो. त्या नकाशाखाली "प्रत्येक जिल्ह्यात सुमारे ६०० जन्मांवर आधारित; शंभर-दीडशेचा फरक योगायोगानेही पडू शकतो" एवढं एक वाक्य असतं, तर खुलासा मागणाऱ्याचा हात थोडा तरी थांबला असता.

सर्वेक्षण करणाऱ्यांना हे माहीत नाही असं नाही. त्यांनी त्यासाठी खुणा ठेवल्या आहेत. ज्या आकड्यामागे २५ ते ४९ च उत्तरं आहेत तो आकडा कंसात छापतात. २५ पेक्षा कमी असतील तर आकडा देतच नाहीत, तिथे फुली-चांदणी, म्हणजे `*`. खूण चांगली आहे, पण तिचा अर्थ पानाच्या तळाशी असतो. तक्ता कापून घेतला की अर्थ तिकडेच राहतो. आणि पुढचा प्रकार तर मला एकदा प्रत्यक्ष निस्तरावा लागला. एका संस्थेत कुणीतरी ते आकडे हाताने एक्सेलमध्ये भरले होते. एक्सेलमध्ये `(45)` टाइप केलं की त्याचं `-45` होतं, कारण हिशेबाच्या वह्यांत कंस म्हणजे वजाबाकी. भरणाऱ्याला वाटलं वजा चिन्ह चुकून पडलं, त्याने ते काढलं. कंसही गेला. चांदणीच्या जागी शून्य टाकलं, कारण रिकामी जागा बरी दिसत नव्हती. शेवटी आलेखात एका जिल्ह्याचा खांब शून्यावर टेकलेला आणि शेजारचा ४५ वर ठाम उभा. जो आकडा सांगण्यालायक नव्हता तो शून्य झाला, आणि जो डळमळीत होता तो पक्का झाला. छापायला जाण्याच्या आदल्या दिवशी लक्षात आलं, तेही शून्य फारच गोल दिसत होतं म्हणून.

म्हणून खुणांबद्दल माझा हट्ट असा: कंसाचा किंवा चांदणीचा अर्थ तक्त्याच्या चौकटीतच लिहायचा, आणि जमेल तिथे खुणेऐवजी शब्दच वापरायचे. "४५ (फक्त ३१ उत्तरे)" असं लिहिलं की कुठल्याही एक्सेलने ते बिघडत नाही.

शास्त्रीय आलेखांत याचंच भावंड म्हणजे खांबाच्या टोकावरची उभी रेघ. ती रेघ मोजमापांचा पसारा दाखवत असेल, सरासरीतली चूक दाखवत असेल, नाहीतर ९५ टक्के खात्रीचा पट्टा. तिन्ही दिसायला सारख्याच. सोळा मोजमापं असतील तर सरासरीतल्या चुकीची रेघ पसाऱ्याच्या रेघेच्या चौथ्या हिश्श्याची होते, कारण पसाऱ्याला मोजमापांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागतात. म्हणजे लिहिणाऱ्याने कुठली रेघ काढली यावर निकाल नेटका दिसणार की पसरट, हे ठरतं. रेघ कसली आणि मोजमापं किती, हे दोन शब्द कॅप्शनमध्ये नसतील तर ती रेघ न काढलेली बरी.

आता विरोधातलं सगळ्यात वजनदार म्हणणं. एवढं सगळं कॅप्शनमध्ये कोंबलं तर ते कोण वाचणार? आणि तेच मजकुरातही असेल तर पुनरुक्ती नाही का होत?

पुनरुक्ती होते, होऊ द्या. औषधाच्या खोक्यावर डोस असतो आणि आतल्या चिठ्ठीतही असतो, म्हणून कुणी तक्रार करत नाही. लांबीची भीती मात्र खरी आहे. अर्धं पान भरलेली कॅप्शन्स मीही पाहिली आहेत, ज्यांत नमुना निवडीचे सगळे टप्पे, सॉफ्टवेअरचं नाव, अगदी निधी देणाऱ्यांचे आभारसुद्धा असतात. म्हणून मी एक कसोटी लावते: ही माहिती काढली तर आकड्याचा अर्थ बदलतो का? बदलत असेल तर ती कॅप्शनमध्येच राहते. तो आकडा कसा मिळवला एवढंच ती सांगत असेल, तर ती मजकुरात जाते. "आदल्या रात्री मुक्कामी" हे काढलं तर अर्थ बदलतो. घरं कुठल्या यादीतून निवडली हे काढलं तर बहुतेक वाचकांसाठी बदलत नाही. या कसोटीनंतरही कॅप्शन सात-आठ ओळींच्या पुढे जात असेल, तर दोष कॅप्शनचा नसतो. एकाच आकृतीत दोन-तीन आकृत्या कोंबलेल्या असतात, त्या वेगळ्या करायच्या.

अलीकडे आणखी एक चाल आली आहे. कॅप्शनच्या पहिल्याच वाक्यात निष्कर्ष सांगायचा: "ग्रामीण भागात रक्तक्षय जास्त" वगैरे. आलेखासाठी मला हे आवडतं, वाचणाऱ्याची नजर योग्य जागी जाते. तक्त्यासाठी आवडत नाही. तक्त्यात लोक आपापला आकडा शोधायला येतात, त्यांना आपण आधीच कानात काहीतरी सांगून ठेवायचं कशाला? आणि निष्कर्ष सांगितला म्हणजे कॅप्शन स्वयंपूर्ण झालं, हा गैरसमज तर फारच वाईट. "भारतात स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त" हे वाक्य मजकूर न वाचता समजतं. पूर्ण समजतं. पण ज्या तक्त्याखाली ते येतं, तो तक्ता तसं म्हणत नाही. समजणं आणि बरोबर समजणं यांत जे अंतर आहे, ते निष्कर्षाच्या वाक्याने भरत नाही, मर्यादेच्या वाक्याने भरतं.

शेवटचा मुद्दा जागेचा. वर्डमध्ये चित्र एका जागी असतं आणि कॅप्शन शेजारी वेगळा मजकूर म्हणून. चित्रावर राइट क्लिक करून सेव्ह केलं की कॅप्शन मागेच राहतं. म्हणून निदान तीन गोष्टी मी चित्राच्या आतच, त्याच्या चौकटीत टाकून घेते: कुणाला मोजलं, कधी, आणि आधार. डिझाइन करणाऱ्यांना ते आवडत नाही, आलेख "भरलेला" दिसतो म्हणतात. गेल्याच महिन्यात एकाने विचारलं, "ताई, ही बारीक अक्षरं काढू का? तसंही कोण वाचतंय?" मी त्याला तोच आलेख अक्षरं काढून छापून दिला आणि बाहेर चहा घेऊन आलेल्या मावशींना दाखवायला सांगितला. मावशींनी तो उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "हे आपल्या गावचं आहे का?" गावाचं नाव त्याच काढलेल्या ओळीत होतं.